पोस्टफिक्सचं उत्तर दरवेळी चुकतंय? चुकीची ओळ स्टॅकच्या तक्त्यात अशी शोधा

तक्रार साधारण एकसारखीच असते. पुस्तकातल्या किंवा प्रश्नपत्रिकेतल्या उदाहरणाचा फोटो असतो, त्यावरून इनफिक्सचं पोस्टफिक्स केलेलं असतं, प्रत्येक चिन्हानंतरचा स्टॅक काढलेला असतो, शेवटी किंमतही काढलेली असते, आणि उत्तर काही जुळत नाही. मग सगळं खोडून पहिल्यापासून सुरुवात होते. दुसऱ्यांदाही तेच चुकीचं उत्तर येतं, कारण नियमच मनात चुकीचा बसलेला असतो आणि तो त्याच जागी पुन्हा तीच चूक करायला लावतो.

खोडू नका. चुकीचं उत्तर हाच सगळ्यात उपयोगी पुरावा आहे. उदाहरण नीट निवडलेलं असेल तर प्रत्येक चुकीचं एक वेगळं उत्तर येतं, आणि त्या उत्तरावरून तक्त्यातली कोणती ओळ बिघडली ते सांगता येतं. इथे एकच उदाहरण घेऊन तेच करून दाखवतो:

```
30 - 512 / 2 ^ 2 ^ 3 * ( 9 - 4 ) - 6
```

बरोबर उत्तर `14`. तुमचं `26`, `-16`, `46` किंवा जवळपास `30` आलं असेल, तर प्रत्येकाचं कारण पुढे येतंच आहे.

## आधी फोटो तपासा

बऱ्याचदा स्टॅकला दोष दिला जातो आणि चूक मात्र उदाहरण उतरवून घेतानाच झालेली असते. छापील पानावर घातांक बहुधा `^` असा नसतो, तो आकड्याच्या डोक्यावर लहान टाइपात असतो. आपल्या उदाहरणात तर घातांकावर पुन्हा घातांक आहे. फोटो थोडा हलला किंवा पान शिवणीपाशी वाकलं असेल, तर ते दोन लहान आकडे एका रेषेत दिसतात आणि `2 ^ 23` असं वाचलं जातं. फोनमधून मजकूर उचलला तर डोक्यावरचे आकडे सरळ खाली येतात आणि `223` उरतं. दोन्ही वेळा पुढचा भागाकार सुटत नाही. हाताने सोडवण्याच्या उदाहरणात आकडे सहसा पूर्ण भाग जातील असेच निवडलेले असतात. म्हणून `512` ला `223` ने भागायची वेळ आली, तर तिथेच थांबून फोटो मोठा करून बघा.

बाकीच्या जागा झटपट सांगतो. गुणाकाराचं `×` आणि चल म्हणून वापरलेलं `x` फोटोत सारखं दिसतं. वहीच्या छापील रेघेवर लिहिलेलं वजा चिन्ह रेघेतच हरवतं. हाताने लिहिलेला `1` आणि तिरकी रेघ `/` यांची अदलाबदल होते. बंद कंस ओळीच्या टोकाला असेल तर फोटोत कापला जातो. काही पुस्तकं घातासाठी `^` ऐवजी `$` किंवा वर जाणारा बाण वापरतात, तेव्हा त्याच पानावर वर दिलेली चिन्हांची सूचना फोटोत आली आहे का ते पाहा. आणि उदाहरण चॅटमधून मजकूर म्हणून आलं असेल तर काळजी घ्या: काही अ‍ॅपमध्ये दोन `*` मधला मजकूर ठळक होतो आणि ती दोन्ही चिन्हं गायब होतात.

इनफिक्समध्ये हे पकडणं सोपं आहे. कंस बाजूला ठेवले तर आकडा, ऑपरेटर, आकडा, ऑपरेटर असा क्रम अखंड चालला पाहिजे आणि सुरुवात-शेवट आकड्याने झाला पाहिजे. दोन आकडे लागोपाठ आले की मधलं काहीतरी हरवलंय.

फोटोत थेट पोस्टफिक्स दिलेलं असेल तर ही सोय नसते, कारण तिथे आकडे लागोपाठ येणारच. तिथे मोजणी करायची: आकडे हे ऑपरेटरांपेक्षा बरोबर एकाने जास्त असले पाहिजेत. समजा फोटोत `1234*-` असं दाटीवाटीने दिसतंय. ऑपरेटर दोन, म्हणजे आकडे तीन हवेत. चार सुटे अंक धरले तर हिशोब बसत नाही. इथवर मोजणीने मदत केली, पण पुढे ती अपुरी पडते. तीन आकडे करायचे तीन मार्ग आहेत:

```
12 3 4 * -      ->   12 - 12  =    0
1 23 4 * -      ->    1 - 92  =  -91
1 2 34 * -      ->    1 - 68  =  -67
```

तिन्ही नियमात बसतात. किती आकडे हवेत हे मोजणी सांगते, पण ते कुठे तोडायचे हे फक्त मूळ पानावरची मोकळी जागा सांगते. त्यामुळे अशा वेळी अंदाज न करता फोटो पुन्हा मागवलेला बरा.

उतरवून घेताना प्रत्येक चिन्हाभोवती चौकट काढा किंवा मध्ये ठळक जागा सोडा. आपल्या उदाहरणात कंसांसह १७ चिन्हं आहेत. म्हणजे रूपांतराच्या तक्त्यात १७ ओळी, आणि शेवटी स्टॅक रिकामा करण्याची अठरावी. तक्ता पूर्ण झाल्यावर ओळी कमी भरल्या तर कुठलं तरी चिन्ह गिळलं गेलंय हे लगेच कळतं.

## इनफिक्स ते पोस्टफिक्स

प्राधान्य नेहमीचंच: `^` सगळ्यात वर, मग `*` आणि `/` एकाच पातळीवर, मग `+` आणि `-` एकाच पातळीवर. `^` उजवीकडून डावीकडे जोडला जातो, बाकीचे चारही डावीकडून उजवीकडे.

स्टॅक आडवा लिहायचा आणि टॉप उजवीकडे ठेवायचा. उभ्या चौकटी काढल्या तरी हरकत नाही, पण टॉपची बाजू मध्येच बदलू नका. प्रत्येक ओळीत ते चिन्ह वाचून झाल्यानंतरची स्थिती लिहायची. काही जण वाचण्याआधीची स्थिती लिहितात, मग सगळा तक्ता एका ओळीने सरकतो. उत्तर बरोबर येतं, पण तपासणाऱ्याला प्रत्येक ओळ चूक दिसते.

```
क्र.  वाचलं   स्टॅक       आउटपुट
 1    30     रिकामा     30
 2    -      -          30
 3    512    -          30 512
 4    /      - /        30 512
 5    2      - /        30 512 2
 6    ^      - / ^      30 512 2
 7    2      - / ^      30 512 2 2
 8    ^      - / ^ ^    30 512 2 2
 9    3      - / ^ ^    30 512 2 2 3
10    *      - *        30 512 2 2 3 ^ ^ /
11    (      - * (      30 512 2 2 3 ^ ^ /
12    9      - * (      30 512 2 2 3 ^ ^ / 9
13    -      - * ( -    30 512 2 2 3 ^ ^ / 9
14    4      - * ( -    30 512 2 2 3 ^ ^ / 9 4
15    )      - *        30 512 2 2 3 ^ ^ / 9 4 -
16    -      -          30 512 2 2 3 ^ ^ / 9 4 - * -
17    6      -          30 512 2 2 3 ^ ^ / 9 4 - * - 6
18    शेवट   रिकामा     30 512 2 2 3 ^ ^ / 9 4 - * - 6 -
```

या स्टॅकवर आकडा कधीच जात नाही. आकडा वाचला की तो थेट आउटपुटमध्ये. तुमच्या तक्त्यात स्टॅकच्या रकान्यात एखादा आकडा दिसला, तर तुम्ही किंमत काढायची पद्धत इथे मिसळली आहे. तिथे उलट असतं: स्टॅकवर फक्त आकडे.

सतरापैकी बहुतेक ओळी आपोआप भरतात. सगळा खेळ ओळ ८, १० आणि १६ चा आहे.

## ओळ ८, १० आणि १६

"नवीन ऑपरेटरचं प्राधान्य कमी असेल तर पॉप, जास्त असेल तर पुश" हे सगळ्यांना पाठ असतं. समान असेल तर काय, इथे गाडी अडते. पाठांतर विसरा आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारा: मधला आकडा कोणाचा?

स्टॅकवर बसलेला प्रत्येक ऑपरेटर आपल्या उजवीकडच्या आकड्याची वाट बघत असतो. नवीन ऑपरेटर आला म्हणजे दोघांच्या मध्ये एक आकडा (किंवा आधीच पूर्ण झालेली एखादी किंमत) सापडतो, आणि दोघेही त्यावर हक्क सांगतात. तो जुन्याला मिळाला तर जुन्याचं काम संपलं, म्हणून तो पॉप होऊन आउटपुटमध्ये जातो. नव्याला मिळाला तर जुना थांबतो आणि नवा त्याच्या डोक्यावर पुश होतो.

ओळ ८ बघा. टॉपवर `^`, आलेलाही `^`, मध्ये `2`. `2 ^ 2 ^ 3` याचा गणिती अर्थ `2 ^ (2 ^ 3)`, म्हणजे मधला `2` उजवीकडच्या, नव्या `^` चा. जुना थांबतो. म्हणून स्टॅकवर दोन `^` एकावर एक दिसतात. अनेकांना हेच चुकीचं वाटतं आणि ते एक `^` काढून टाकतात. इथे ते बरोबर आहे.

आता ओळ १०, या उदाहरणातली सगळ्यात भरगच्च ओळ. `*` आला तेव्हा स्टॅक `- / ^ ^` आहे. प्रश्न एकदा विचारून थांबायचं नाही, पॉप होत असेपर्यंत विचारत राहायचं:

`3` कोणाचा, टॉपच्या `^` चा की `*` चा? `^` वरचढ आहे, त्याचा. पॉप.

आता `2 ^ 3` ही किंमत मध्ये आली. ती खालच्या `^` ची की `*` ची? पुन्हा `^` ची. पॉप.

आता संपूर्ण `2 ^ 2 ^ 3` मध्ये आहे. ते `/` चं की `*` चं? दोघं एकाच पातळीचे, आणि ते डावीकडून जोडले जातात, म्हणून डावीकडच्याचं, `/` चं. पॉप.

आता `512 / 2 ^ 2 ^ 3` मध्ये आहे. ते `-` चं की `*` चं? `*` वरचढ. जुना `-` थांबतो, `*` त्याच्यावर पुश.

एका चिन्हात तीन पॉप आणि एक पुश. प्रश्नात "प्रत्येक चिन्हानंतरचा स्टॅक दाखवा" असं असल्यामुळे उत्तरात ही एकच ओळ येते, पण कच्च्या कामात हे चार टप्पे समासात लिहून ठेवा. चूक सापडायची असेल तर ती इथेच सापडते.

ओळ १६ मध्ये `-` आला तेव्हा स्टॅक `- *`. `( 9 - 4 )` ची किंमत `*` ला मिळते, तो पॉप. मग सगळा गुणाकार जुन्या `-` चा की नव्या `-` चा? समान पातळी, डावीकडून जोडणी, जुन्याचा. तोही पॉप, आणि मग नवा `-` पुश. तक्त्यात ओळ १४ च्या टॉपवर, १६ मध्ये आणि पहिल्या ओळींत दिसणारी `-` ही तीन वेगवेगळी चिन्हं आहेत. गोंधळ होत असेल तर कच्च्या कामात त्यांना खाली १, २, ३ असे आकडे द्या. ओळ १६ नंतर स्टॅकवर उरलेला `-` हा तिसरा आहे, पहिला नाही. वरवर स्टॅक ओळ २ सारखाच दिसतो, त्यामुळे "काही बदललंच नाही" असं वाटून पुष्कळजण आउटपुटमध्ये `-` टाकायचं विसरतात. मग शेवटी आकडे आठ आणि ऑपरेटर सहाच भरतात.

कंसाबद्दल फार नाही. उघडा कंस म्हणजे भिंत. ओळ १३ मध्ये `-` ला खालचा `*` दिसतच नाही, म्हणून तो बिनदिक्कत पुश होतो. बंद कंस आला की भिंतीपर्यंतचं सगळं पॉप, आणि मग भिंतही काढून टाकायची. ती आउटपुटमध्ये जात नाही. पोस्टफिक्समध्ये कंस दिसला की ओळ १५ बघा.

हाच नियम प्रोग्रॅममध्ये लिहिला तर असा दिसतो:

```c
while (top >= 0 && s[top] != '(' &&
       (prec(s[top]) > prec(c) ||
        (prec(s[top]) == prec(c) && c != '^')))
    out[k++] = s[top--];
s[++top] = c;
```

## तुमचं उत्तर काय सांगतंय

`-16` आलं असेल तर ओळ ८ मध्ये `^` ने `^` ला पॉप केलं. पोस्टफिक्समध्ये `2 2 ^ 3 ^` असा तुकडा दिसेल. त्याची किंमत `256` ऐवजी `64` होते, भागाकार `2` ऐवजी `8` येतो, आणि `30 - 40 - 6` होतं.

`26` आलं असेल तर ओळ १६ मध्ये `*` गेला पण समान पातळीचा जुना `-` जागीच राहिला. पोस्टफिक्सच्या शेवटी `* 6 - -` दिसेल. म्हणजे तुम्ही `30 - (10 - 6)` काढलंत. "समान असेल तर पुश" हा `^` चा नियम इथे `-` ला लावला की हे होतं. तोच नियम ओळ १० मध्येही लागला असेल, तर `/` देखील थांबतो आणि `512` ला `256 * 5` ने भाग जातो. मग `26` न येता अपूर्णांकात `29.6 + 6` असं, म्हणजे `35.6` येतं. पूर्णांक भागाकारात `36`. फक्त `/` थांबला आणि `-` बरोबर गेला, तर `23.6` किंवा पूर्णांकात `24`.

जवळपास `30` आलं असेल, म्हणजे अपूर्णांकात `30` ला चिकटून आणि पूर्णांकात नेमकं `30`, तर तुम्ही प्रत्येक वेळी एकच पॉप करून थांबताय. ओळ १० नंतर तुमचा स्टॅक `- / ^ *` असा असेल. पोस्टफिक्स असं येतं:

```
30 512 2 2 3 ^ 9 4 - * 6 - ^ / -
```

त्यात `2` चा घात `34` होतो, `512` ला त्या अवाढव्य संख्येने भागल्यावर काहीच उरत नाही, आणि `30` तसाच राहतो. प्रोग्रॅममध्ये हेच होत असेल तर वरच्या तुकड्यात `while` च्या जागी `if` आहे का ते बघा. साध्या, दोन ऑपरेटरांच्या उदाहरणात ही चूक लपून राहते, कारण तिथे एकापेक्षा जास्त पॉप करायची वेळच येत नाही. म्हणूनच प्रोग्रॅम तपासायला `a + b * c` पुरेसं नाही.

ही यादी मुद्दाम लांबवत नाही. तुमचं उत्तर यात नसेल तर दोन चुका एकत्र झाल्या असतील. मग वरून एकेक ओळ ताडून बघा आणि पहिली न जुळणारी ओळ सापडली की तिथेच थांबा. त्यानंतरच्या ओळी आपोआप चुकलेल्या असतात, त्यांच्यावर वेळ घालवू नका.

## किंमत काढताना

आता पोस्टफिक्स बरोबर आहे असं धरू. आकडा आला की पुश, ऑपरेटर आला की वरचे दोन पॉप, क्रिया, निकाल पुश. या तक्त्यात मी एक जादा रकाना ठेवतो, स्टॅकची उंची. परीक्षेत तो मागत नाहीत, पण चूक शोधायला त्याच्याइतकी चांगली गोष्ट नाही.

```
वाचलं   क्रिया          स्टॅक           उंची
30                     30              1
512                    30 512          2
2                      30 512 2        3
2                      30 512 2 2      4
3                      30 512 2 2 3    5
^      2 ^ 3 = 8       30 512 2 8      4
^      2 ^ 8 = 256     30 512 256      3
/      512 / 256 = 2   30 2            2
9                      30 2 9          3
4                      30 2 9 4        4
-      9 - 4 = 5       30 2 5          3
*      2 * 5 = 10      30 10           2
-      30 - 10 = 20    20              1
6                      20 6            2
-      20 - 6 = 14     14              1
```

आकड्याने उंची एकाने वाढते, ऑपरेटरने एकाने कमी होते. दुसरं काही होऊच शकत नाही. म्हणून किंमत न काढता, नुसत्या चिन्हांवर बोट ठेवून उंची मोजत गेलात तरी पोस्टफिक्स सुदृढ आहे की नाही ते कळतं. ऑपरेटरपाशी येताना उंची दोनपेक्षा कमी असेल तर पॉप करायला दोन आकडेच नाहीत, म्हणजे डावीकडे कुठेतरी आकडा गळला किंवा ऑपरेटर जास्तीचा आला. शेवटी उंची एकपेक्षा जास्त उरली तर ऑपरेटर गळलाय, किंवा फोटोत दोन अंकी आकडा तुटून दोन आकडे झालेत.

या तपासणीची मर्यादाही लक्षात ठेवा. `26` देणारं पोस्टफिक्सही या तपासणीत उत्तीर्ण होतं, त्याची उंचीही एकावरच संपते. उंची फक्त रचना तपासते, प्राधान्य तपासत नाही.

किंमत काढण्यातली नेहमीची चूक एकच आहे आणि ती क्रमाची. पहिला पॉप झालेला आकडा उजवीकडचा. `9 4 -` मध्ये टॉपवर `4` आहे, तो आधी हातात येतो, म्हणून मनात नकळत `4 - 9` होतं. आपल्या उदाहरणात घात आणि भागाकार बरोबर करून फक्त वजाबाक्या उलटल्या, तर `-5`, मग गुणाकार `-10`, मग `-10 - 30 = -40`, आणि शेवटी `6 - (-40)` म्हणजे `46`. उत्तर `46` आलं की कारण हेच. बेरीज आणि गुणाकारात ही चूक दिसत नाही, त्यामुळे ज्या सरावात फक्त `+` आणि `*` होते तिथे सगळं बरोबर आलेलं असतं आणि चुकीची सवय पक्की होते.

यावर साधा उपाय: क्रियेचा रकाना रिकामा ठेवू नका. स्टॅकच्या आधीच्या ओळीतले शेवटचे दोन आकडे डावीकडून उजवीकडे जसे दिसतात तसेच लिहा आणि मध्ये ऑपरेटर टाका. `30 2 9 4` मधले `9 4` तसेच उचलले की `9 - 4` होतं. टॉप उजवीकडे ठेवण्याचा खरा फायदा हा आहे. उभा स्टॅक काढणाऱ्यांना खालचा आकडा आधी लिहावा लागतो, तिथे चुकायला जास्त वाव असतो.

प्रोग्रॅममध्ये दोन पॉप दोन वेगळ्या ओळींत लिहा:

```c
b = s[top--];
a = s[top--];
s[++top] = a - b;
```

सी मध्ये `s[top--] - s[top--]` असं एकाच ओळीत लिहिलं तर कोणता पॉप आधी होईल याची भाषा हमी देत नाही. एका कंपायलरवर बरोबर उत्तर आलं म्हणून दुसऱ्यावर येईलच असं नाही.

## ताळा करताना एक्सेलवर विसंबू नका

सगळं बरोबर सोडवूनही "माझं चुकलंय" असं वाटायला लावणारी ही जागा आहे. `14` आलेलं असतं, खात्री म्हणून तीच राशी एक्सेलमध्ये टाकली जाते, आणि तिथे येतं `-16`.

```
=30-512/2^2^3*(9-4)-6
```

एक्सेल `^` डावीकडून जोडतो. त्याच्यासाठी `2^2^3` म्हणजे `64`. तुमचा तक्ता बरोबर आहे, फक्त एक्सेलचा नियम वेगळा आहे. काही सायंटिफिक कॅल्क्युलेटरही असंच वागतात, म्हणून आधी त्यावर `2^2^3` एकटं टाकून `256` येतं की `64` ते बघून घ्या. एक्सेलमध्येच ताळा करायचा असेल तर `2^(2^3)` असा कंस द्या.

सी मध्ये आणि पायथनमध्ये `^` हा घात नाहीच, तो बिटवाइज एक्सॉर आहे. पायथनमध्ये घातासाठी `**` असतो आणि तो उजवीकडून जोडला जातो, म्हणून ताळ्यासाठी तो योग्य:

```python
print(30 - 512 / 2 ** 2 ** 3 * (9 - 4) - 6)   # 14.0
```

भागाकाराचंही तसंच. पायथनचा `/` अपूर्णांक देतो, सी मध्ये दोन पूर्णांकांचा `/` अपूर्णांक टाकून देतो. `7 2 /` चं उत्तर `3.5` की `3`, हे प्रश्नात सांगितलेलं असतं किंवा वर्गात ठरलेलं असतं. ते ठरल्याशिवाय उत्तराची तुलना करू नका.

## वजा चिन्ह सुरुवातीला असेल तर

वरची पद्धत प्रत्येक `-` ला दोन आकडे लागतात असं धरून चालते. फोटोत `-3 + 5` किंवा `4 * ( -2 + 7 )` असं काही असेल तर तो `-` एकाच आकड्यावर चालतो, आणि तक्ता जसाच्या तसा भरला तर किंमत काढताना ऑपरेटरपाशी उंची एकच निघते.

ओळखायची खूण सोपी आहे: `-` हे राशीचं पहिलं चिन्ह असेल, किंवा त्याच्या लगेच आधी उघडा कंस किंवा दुसरा ऑपरेटर असेल, तर तो ऋण चिन्ह आहे. आकड्याला चिकटलेला असेल तर `-2` हा संपूर्ण एकच आकडा समजून एका चौकटीत लिहा, बाकी तक्ता तसाच चालतो. मात्र `-( 4 + 1 )` असं कंसाआधी किंवा `-2 ^ 2` असं घाताच्या आकड्याआधी असेल तर ते चालत नाही. दुसऱ्यात गणिताच्या संकेताने उत्तर `-4` आहे आणि `-2` एकच आकडा धरला तर `4` येतं. अशा वेळी त्या चिन्हासाठी वेगळी खूण ठेवा, उदाहरणार्थ `~`, आणि किंमत काढताना `~` आला की एकच पॉप करून चिन्ह बदलून परत पुश करा. `-2 ^ 2` चं पोस्टफिक्स मग `2 2 ^ ~` होतं. उंचीच्या हिशोबात `~` ने काहीच बदल होत नाही, त्यामुळे आकडे आणि ऑपरेटर मोजताना तो वगळायचा.